वेळ चालतेय ना, काका?

मी त्या ऑफिसात लागले तेव्हा काका दर पंधरा मिनिटांनी फोन उचलायचे. ब्रोकरकडच्या माणसाला तीन धातूंचे भाव विचारायचे, तांबं, जस्त, निकेल, आणि आकडे पेन्सिलीने वहीत उतरवून शेजारी वेळ टाकायचे. भाव आधी की वेळ आधी, असं मी एकदा गमतीनं विचारलं तर म्हणाले, वेळ आधी. वेळ नसलेला भाव म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

फर्म छोटी. मॅडमच्या वडिलांनी काढलेली, तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत मावलेली. स्वतःचे आणि दोन-तीन ओळखीच्या कुटुंबांचे पैसे धातूंच्या वायद्यांत लावायचे, एवढंच काम. सौदे काका करायचे. सगळे त्यांना काका म्हणायचे, मॅडमसुद्धा, कारण काकांनी त्यांना दोन वेण्यांत पाहिलेलं होतं. हिशेबाला एक बाई होत्या, त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या आणि त्यांच्या कॅल्क्युलेटरचा टकटकाट सोडला तर त्यांचं अस्तित्व जाणवायचं नाही.

आणि मी. संख्याशास्त्रात पदवी, मग थोडं प्रोग्रामिंग, मग लग्न, मग मुलगी, मग अडीच वर्षं घरी. मुलाखतीत मॅडमनी कागद बाजूला ठेवून विचारलं होतं की मुलीला कोण बघणार. पाळणाघर, म्हटलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, सहा महिने बघू.

त्या "बघू"नं मला झोप लागू दिली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. मला झोप कशानंच लागत नव्हती. पण ऑफिसात मी पहिल्या दिवसापासून अशी वागत होते, जणू कुणी माझ्या पाठीमागे उभं राहून गुण देतंय.

पहिलं मोठं काम मिळालं ते हेच. आपल्याकडे कुठला धातू किती घेतलाय, कितीला घेतलाय, आता काय भाव चाललाय आणि तो भाव शेवटचा कधी आला, हे सगळं एका पानावर दिसलं पाहिजे, आपोआप. मी स्ट्रीमलिट निवडलं, कारण त्यात वेबसाइट वगैरे बांधायचा घोळ नसतो. पायथॉनची एक साधी फाइल लिहायची, माझ्याच कॉम्प्युटरवर चालवायची, आणि ऑफिसातल्या कुणीही आपापल्या ब्राउझरमध्ये पान उघडायचं. फाइल वरून खालपर्यंत चालते आणि जे जे सांगाल ते पानावर उमटवत जाते. काकांचे सौदे हिशेबाच्या बाई एका तक्त्यात भरायच्याच. तो तक्ता वाचला. भाव ब्रोकरच्या सेवेकडून मागवले. पानाच्या त्या भागाला सांगितलं की दर पाच सेकंदांनी स्वतःहून पुन्हा चाल. वर तीन मोठे आकडे, खाली तक्ता, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: शेवटचं अपडेट, आणि पुढे तास, मिनिटं, सेकंद.

काकांनी त्याला "फळा" नाव ठेवलं. तुझ्या फळ्यावर खडूची धूळ नाही तेवढी बरी, म्हणाले.

पण पहिल्यांदा दाखवताना फजिती झाली. मॅडम खुर्ची ओढून बसल्या, काका चष्मा पुसून उभे राहिले, हिशेबाच्या बाईसुद्धा उठून आल्या, आणि नेमकं त्याच क्षणी ब्रोकरकडून उत्तर आलं नाही. स्ट्रीमलिट अशा वेळी काही लपवत नाही. आकड्यांच्या जागी भलामोठा लाल चौकोन आला, त्यात माझ्याच फाइलच्या ओळी, ओळींचे क्रमांक, कुठं अडलं ते सगळं. पाच सेकंदांनी तो गेला आणि आकडे परत आले. पण मॅडम हसून म्हणाल्या होत्या, "हे काय, रक्तदाब वाढवायचं यंत्र केलंय का?" सगळे हसले. मीही हसले. कानाच्या पाळ्या इतक्या तापल्या होत्या की केस पुढे घेतले.

त्या दुपारी मी फाइलमध्ये चार ओळी घातल्या. भाव मागवून बघ. आला तर आधीच्या जागी ठेव. काही बिघडलं तर... आणि इथं मी पायथॉनचा एक शब्द लिहिला, पास. त्याचा अर्थ काहीही करू नकोस, पुढे चल. नवा भाव आला नाही तर जुना होताच, तोच दिसत राहील, पाच सेकंदांत नवा येईल. लाल चौकोन परत दिसला नाही. मॅडम म्हणाल्या, आता कसं गोड दिसतंय.

काका मात्र आठवडाभर फोन करतच राहिले. फळ्यावरचा आकडा आणि फोनवरचा आकडा ताडून बघायचे. मला ते लागायचं. माझ्या कामावर रोज कुणीतरी हजेरी घेतंय असं वाटायचं. एके दिवशी मी त्यांच्या टेबलाशी गेले, स्क्रीनच्या तळाशी बोट ठेवलं आणि म्हटलं, "काका, भाव ताडून बघू नका. ही वेळ बघा. ही वेळ चालतेय तोवर भाव जिवंत आहेत."

त्यांनी ती ओळ बराच वेळ बघितली. सेकंद पाच-पाचनं पुढे सरकत होते. मग फोनचा रिसीव्हर नीट जागेवर ठेवला आणि म्हणाले, बरं. वेळच बघायची असेल तर ते मला येतं.

त्यानंतर फोन बंद झाला. वहीसुद्धा.

बुधवारी मुलीला कणकण होती. अंगाला हात लावला तर गरम लागायचं आणि थर्मामीटर लावला तर काही नाही, अशी कणकण. नवऱ्याची सकाळी बैठक होती, मला सहा महिन्यांचं "बघू" होतं, म्हणून औषधाची बाटली पिशवीत घालून तिला पाळणाघरात सोडलं. पाळणाघराच्या मावशींनी खोलीत कॅमेरा लावलाय, फोनवर दिसतो. त्याच्या कोपऱ्यात तारीख-वेळ असते. मी मुलीकडे बघायच्या आधी त्या कोपऱ्याकडे बघते. एकदा सेकंद अडकले होते तर मी सरळ मावशींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, लेक झोपली की तुम्हाला वाटतं नेट गेलं, आणि नेट गेलं की वाटतं लेक गेली." मी हसले नाही, कारण अगदी तसंच वाटलं होतं.

त्या बुधवारी अकरा वाजल्यापासून मी फोन कीबोर्डला टेकवून ठेवला होता. ती गादीवर पडून छताकडे बघत होती. ती एरवी छताकडे बघत नाही.

साडेअकराच्या सुमारास काकांनी विचारलं, बाजार आज अगदीच गप्प आहे का. तांबं हललंच नाही.

मी मान वर केली नाही. म्हटलं, "वेळ चालतेय ना, काका?"

"वेळ चालतेय."

"मग चालूच आहे."

ते बरं म्हणाले. तेवढ्यात मुलगी कुशीवर वळली आणि मी श्वास सोडला.

बारा वाजून सात मिनिटांनी काका खुर्ची मागे ढकलून उभे राहिले. फळ्यावर तांबं आठशे बारा होतं ते एका पलटीत सातशे नव्वद झालं होतं. आठशे सहाच्या खाली गेलं की सगळं विकायचं, हे त्यांनी सोमवारीच मॅडमना सांगून ठेवलेलं होतं, आणि आठशे सहा कधी आलं आणि कधी गेलं ते त्यांना दिसलंच नव्हतं. त्यांनी ब्रोकरला फोन लावला आणि विकलं, सातशे एकोणनव्वदला. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. नुकसान किती ते मी इथं लिहीत नाही. दोन कुटुंबांना फोन करताना मॅडमचा आवाज काचेच्या दारातून ऐकू येत होता, आणि त्या फोनवर कधीच उभ्या राहून बोलत नाहीत, त्या दिवशी उभ्या होत्या.

मग त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. त्यांच्या स्क्रीनवर ब्रोकरचा दिवसाचा आलेख उघडा होता. तांबं एकदम पडलेलं नव्हतं. अकरा वीसपासून जिन्यावरून उतरावं तसं पायरी-पायरीनं आलं होतं, पाऊण तास. कुणीही बघत असतं तर दिसलं असतं.

काका म्हणाले, फळ्यावर तसं नव्हतं. फळ्यावर आठशे बारा होतं, सतत.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुझं पान बंद पडलं होतं का?"

"नाही मॅडम. चालू होतं." आणि मग, गरज नसताना, मी पुढे म्हणाले, "वेळसुद्धा पुढे जात होती. काकांनीच मला सांगितलं."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. त्या क्षणी मला आणखी काही ठाऊकही नव्हतं. एक शंका येऊन गेली होती, एवढंच. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखं. मग कपाळावरून हात फिरवून म्हणाले, "हो, वेळ चालत होती. मग मलाच डुलकी लागली असेल."

  मॅडम हळू आवाजात म्हणाल्या की काका, वय झालंय, त्यात लाजायचं काही नाही. पुढच्या आठवड्यापासून तुम्ही करारांच्या कागदांकडे बघा, सौद्यांसाठी मी कुणालातरी विचारते. काका म्हणाले, चालेल. त्यांच्या हातात चष्मा होता, तो त्यांनी बाहेर येईपर्यंत घातला नाही.

पावणेतीनला मला ईमेल आलं. ब्रोकरच्या सेवेची नोंदणी माझ्या नावावर होती, म्हणून ते फक्त मलाच आलं. भाव देणारी सेवा आज अकरा एकोणीस ते बारा सात या वेळात खंडित होती, गैरसोयीबद्दल दिलगिरी. दोन ओळी.

मी फाइल उघडली. खरं तर उघडायची गरज नव्हती. भाव मागव, बिघडलं तर पास. मग खाली, त्याच्याशी काही संबंध नसल्यासारखी, ती बारीक ओळ: शेवटचं अपडेट, आणि पुढे कॉम्प्युटरला विचारलेली आत्ताची वेळ. आत्ताची. भाव आला तेव्हाची नाही. पान दर पाच सेकंदांनी पुन्हा चालत होतं, दर वेळी ब्रोकरचं दार वाजवून रिकाम्या हातानं परत येत होतं, अकरा एकोणीसचा भाव तसाच पुढे ठेवत होतं आणि खाली प्रामाणिकपणे त्या क्षणाची वेळ टाकत होतं. पाऊण तास.

पाळणाघराच्या कॅमेऱ्यात वेळ चित्रातच छापलेली येते. चित्र थांबलं की तीही थांबते, म्हणून तर मी कोपऱ्याकडे बघते. हे मला माहीत होतं. स्वतःच्या लेकरासाठी मला ते नीट माहीत होतं, आणि काकांसाठी मी भिंतीवरचं घड्याळ आणून चित्राखाली टांगलं होतं.

तेव्हाच उठायला हवं होतं. मॅडमच्या दारापर्यंत अकरा पावलं आहेत, मी मोजलीत, कारण उठून त्या दाराशेजारच्या पाण्याच्या भांड्यापर्यंत जाऊन परत आले, दोनदा. दुसऱ्या वेळी हिशेबाच्या बाईंनी विचारलंसुद्धा, तब्येत बरी आहे ना. ईमेल मी वाचलेलं असून "न वाचलेलं" करून ठेवलं. हे मी का केलं ते मला सांगता येत नाही. कुणी बघणार नव्हतं. माझ्याच खात्यात, माझ्याच समोर, मी ते न वाचल्याचं सोंग केलं.

आणि मग मी चूक दुरुस्त केली. गुपचूप. भाव खरोखर आला तरच त्याच्याबरोबर त्याची वेळ साठवायची, आणि तीच दाखवायची. तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर वाट बघणं सोडून द्यायचं. साठवलेली वेळ अर्ध्या मिनिटाहून जुनी झाली तर लाल पट्टी. आता तळाशी दोन ओळी होत्या: भाव केव्हाचे, आणि पान केव्हाचं. वीस मिनिटांचं काम. दुरुस्त केलं की कबूल केल्यासारखंच आहे, असं मी मनाशी म्हटलं. पाच वाजता पिशवी उचलून निघाले. काका त्यांच्या टेबलाचा खण आवरत होते.

मुलीची कणकण संध्याकाळपर्यंत उतरली होती. ती भात मागून मागून खात होती. मी नवऱ्याला सगळं सांगितलं, म्हणजे तीनचतुर्थांश. तो म्हणाला, सेवा ब्रोकरची बंद पडली, त्यात तुझं काय? आणि तू खोटं कुठं बोललीस? मी म्हटलं, तेच ना. त्यानं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पोरीचं तोंड पुसायला घेतलं. सगळं सांगितलं असतं तर तो असं म्हणाला नसता, हे आम्हा दोघांनाही कळलं असावं.

आठच्या आत फोन वाजला. काकू होत्या. ऑफिसच्या ओळखीतल्या एका लग्नात भेटलो होतो, तेव्हा त्यांनी मुलीसाठी स्वतः विणलेलं टोपडं दिलं होतं. फोन त्या गॅलरीतून करत होत्या, आवाज दाबून.

"अगं, त्यांना सांगू नकोस मी फोन केला म्हणून. तू त्यांच्या शेजारी बसतेस. खरं सांग, ते ऑफिसात झोपतात का?"

मी म्हटलं, नाही काकू.

"घरी आल्यापासून म्हणताहेत, मी जागा होतो असं मला वाटतंय पण मी जागा नव्हतो. असं कसं वाटेल माणसाला? उद्या डोळे आणि डोकं दोन्ही तपासायला नेणार आहे. त्यांच्या वडिलांना असंच सुरू झालं होतं."

मी नाही म्हटलं, तीन वेळा. झोपत नाहीत, कधीच नाही, मी बघितलंय. काकू म्हणाल्या, तू चांगली मुलगी आहेस, तू असंच म्हणशील. आणि फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात उभी राहिले. नळ वाहत होता आणि मी तो बंद करायचं विसरले होते.

गुरुवारी काका माझ्या आधी येऊन बसले होते. डॉक्टरची वेळ दुपारची होती. सौदे करायचे नव्हते, पण फळा उघडा होता. मी पिशवी खुर्चीला अडकवत होते तेवढ्यात म्हणाले, "ही एक ओळ नवीन आहे. काल नव्हती."

बारीक अक्षरं. पानाच्या तळाशी. आणि त्यांना ती दोन हातांवरून दिसली होती.

"भाव केव्हाचे, आणि पान केव्हाचं," त्यांनी वाचलं. "हे दोन वेगळे असतात?"

मी म्हटलं, काका, तुम्ही आत याल का, मॅडमकडे? मला तुमच्या दोघांसमोर सांगायचंय. ते उठले. चालताना त्यांनी माझ्यासाठी दार धरलं, आणि त्या दारातून जाताना मला जे वाटलं ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

मी उभ्यानंच सांगितलं. ईमेल दाखवलं. पास हा शब्द काय करतो ते सांगितलं, आणि तो मी का घातला तेही, लाल चौकोनाची लाज वाटून. तळाची वेळ भावाची नव्हती, पानाची होती, हे सांगताना आवाज फाटला आणि मी थांबून परत सांगितलं, कारण ते अर्धवट ऐकू येऊन चालणार नव्हतं. काकांनी साडेअकराला मला विचारलं होतं आणि मी मान वर न करता उत्तर दिलं, हेही सांगितलं. मॅडमना ते माहीत नव्हतं. काकांनी ते त्यांना सांगितलंच नव्हतं.

काकांनी आधी एवढंच म्हटलं, "म्हणजे मी जागा होतो."

"हो, काका."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ. फळा झोपला होता."

 मग त्यांनी विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"काल."

"किती वाजता?"

त्यांना वेळ हवी होती. मी म्हटलं, पावणेतीन.

त्यांनी मान हलवली, जणू वहीत लिहून घेतलं. "मी साडेसहाला घरी पोचलो. सातला हिला सांगितलं, डुलकी लागली म्हणून." त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. "पावणेतीन ते सात. सव्वाचार तास होते."

मी सॉरी म्हटलं. तो शब्द त्या खोलीत फार लहान वाटला, म्हणून परत म्हटला नाही.

मॅडम इतका वेळ पेनाचं टोपण उघडबंद करत होत्या. त्या म्हणाल्या की मशीन चुकतं, सेवा बंद पडते, ते मी धरून चालते. पान लाल झालेलं बघून मी हसले होते, तेही मला आठवतंय. "पण काल मी तुला सरळ विचारलं होतं. आणि नंतर तुझ्याकडे अख्खी दुपार होती, त्यात तू पान सुधारलंस. माणूस तसाच ठेवलास." मग त्यांनी मला सांगितलं, दोन्ही कुटुंबांना काय झालं ते मी स्वतः लिहून कळवायचं, आजच, आणि काकांचं नाव घेऊन लिहायचं की त्यांची चूक नव्हती. मला ठेवायचं की नाही ते मॅडम महिनाअखेरीला सांगतील. आणि काका, तुम्ही तुमच्या खुर्चीत बसा.

काका म्हणाले, बसतो. पण आधी मला बघायचंय.

काय, ते मॅडमना कळलं नाही. मला कळलं. त्यांना दोन ओळींपैकी एक थांबताना बघायची होती. मी सांगितलेलं आता ते मानणार नव्हते, आणि मानावं असं मी म्हणूही शकत नव्हते.

मी समजावलं की माझ्या कॉम्प्युटरची वायर काढली तर तुमच्या स्क्रीनवर पानच यायचं थांबेल, त्यात काही कळणार नाही. बाहेरून येणारी लाइन काढायला हवी. मग ऑफिसातल्या ऑफिसात पान चालू राहील आणि फक्त ब्रोकर तुटेल, कालच्यासारखा. मॅडमनी हिशेबाच्या बाईंना सांगितलं की दहा मिनिटं इंटरनेट जाईल, काही पाठवायचं असेल तर पाठवून घ्या. त्यांनी कॅल्क्युलेटर खाली ठेवला.

राउटर खिडकीच्या वर, फळीवर होता. मी स्टुलावर चढले. काका त्यांच्या खुर्चीत बसले, चष्मा घातला, मनगटावरचं घड्याळ काढून स्क्रीनच्या पायाशी उभं ठेवलं. मॅडम त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काढ," काका म्हणाले.

मी वायर काढली. राउटरवरचा एक दिवा गेला, बाकीचे राहिले.

स्टुलावरून मला स्क्रीन तिरका दिसत होता, अक्षरं नाहीत. मी काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते आधी वर बघत होते, आकड्यांकडे. मग तळाशी. मग घड्याळाकडे. मग परत तळाशी.

"पान चालतंय," ते म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "भाव थांबले. दहा एक्केचाळीस, वीस सेकंद."

अर्धं मिनिट गेलं. मग त्यांच्या चष्म्यावर लाल उजेड पडला, आणि मॅडमनी नकळत एक पाऊल मागे घेतलं. पट्टी आली होती.

"लावू का परत?" मी विचारलं.

"राहू दे," काका म्हणाले.

त्यांनी हनुवटी हातावर टेकवली आणि त्या थांबलेल्या ओळीकडे बघत राहिले. मला वाटलं मिनिटभर बघतील. मॅडम आत गेल्या. हिशेबाच्या बाईंनी एक कागद उलटा केला आणि परत सुलटा केला. काकांचं घड्याळ स्क्रीनपाशी चालत होतं. मी स्टुलावर वायर हातात धरून उभी होते, हात दुखायला लागला होता, आणि खाली उतरायची परवानगी मागायची मला हिंमत नव्हती.